पहिल्या फेरीत बरोबर, दुसऱ्या फेरीत कचरा

दुरुस्तीसाठी टेबलावर आलेला आठ-बिट संगणकाचा बोर्ड पहिल्या फेरीत बेरीज अचूक दाखवायचा आणि दुसऱ्या फेरीत भरकटायचा. कंट्रोलर नेहमीचाच होता. २८सी१६ जातीच्या दोन ईईप्रॉममध्ये सोळा बिटांचे कंट्रोल वर्ड भरलेले, ऑपकोडचे चार बिट आणि ७४एलएस१६१ काउंटरचे तीन बिट त्यांच्या पत्त्यांना जोडलेले. काउंटरला उलटा क्लॉक दिला होता, म्हणजे क्लॉक खाली येताना पायरी बदलते आणि वर जाताना काम होते. प्रत्येक सूचना आणण्याच्या पहिल्या दोन पायऱ्या खाली दिल्या आहेत: टी-० मध्ये प्रोग्राम काउंटरमधला पत्ता मेमरी अॅड्रेस रजिस्टरमध्ये जातो, टी-१ मध्ये रॅममधली सूचना इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये येते आणि प्रोग्राम काउंटर एकाने वाढतो.

```
T0: CO MI
T1: RO II CE
```

क्लॉक कमी केला, अगदी बटणाने एकेक पल्स दिला, तरी बिघाड तसाच. चिपांचा वेग कमी पडत असता तर तो आता थांबायला हवा होता. मग प्रोग्राम थांबवून रॅम वाचली. नुकती आणलेली सूचनाच तिच्या जागेवर बदललेली होती. लागोपाठ एकाच ऑपकोडच्या सूचना असल्या की मात्र दुसरीपासून पुढच्या शाबूत राहत.

याच खुणेवरून कारण सापडले. टी-१ मध्ये क्लॉक वर जाताच इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये नवा ऑपकोड येतो आणि त्याच क्षणी ईईप्रॉमचा पत्ता बदलतो. त्यानंतर सुमारे १५० नॅनोसेकंद आउटपुटवर काहीही येऊ शकते. रजिस्टरांना फरक पडत नाही, ती फक्त चढत्या कडेलाच ऐकतात. पण रॅमचे राइट क्लॉक वर असेपर्यंत खुले असते. तेवढ्यात राइटची लाइन क्षणभर उठली की लिहिले गेलेच, आणि तेही मेमरी अॅड्रेस रजिस्टरमध्ये असलेल्या पत्त्यावर, म्हणजे त्याच सूचनेवर. सूचना आधीच उचललेली असल्याने पहिली फेरी सुखरूप पार पडते. एलईडीला हा ग्लिच दिसत नाही आणि स्वस्त लॉजिक अॅनालायझरलाही तो सहज निसटतो. ऑसिलोस्कोप राइट लाइनवर सिंगल-शॉट लावला तेव्हा तो पकडला गेला.

राइट लाइनवर कपॅसिटर लावून ग्लिच दाबता येतो, पण मला तो उपाय पटत नाही. दुसरी एखादी लाइन उद्या तेच करील. ईईप्रॉम आणि कंट्रोल लाइन यांच्यामध्ये दोन ७४एचसी५७४ रजिस्टर बसवले आणि क्लॉक खाली येताना त्यांनी शब्द पकडायचा, असे ठरवले. एवढेच केले तर सगळे एक पायरी मागे पडते, कारण काउंटरही त्याच कडेला हलतो. म्हणून काउंटरला आता सरळ क्लॉक दिला. क्लॉक वर असताना ईईप्रॉम सावकाश स्थिरावते आणि खाली येताना पक्का शब्द बाहेर पडतो. क्लॉक वर राहण्याचा काळ १५० नॅनोसेकंदांपेक्षा थोडा जास्त ठेवला की झाले.

रीसेटकडे मात्र लक्ष द्यावे लागते. रीसेट दाबलेला असताना निदान एकदा क्लॉक खाली आला पाहिजे. नाहीतर ५७४ मध्ये टी-० चा शब्द भरलेला नसतो आणि पहिलीच पायरी हुकते.