दोन आकडे वर गेली, तरी काचतच होती

पुण्यात बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानात मी गेली अकरा वर्षं काउंटरवर आहे. मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षिका आल्या. म्हणाल्या, "ताई, आता सगळ्यात मोठी पँटी द्या. एल झाली, एक्सएल झाली, जांघेत काचायची थांबतच नाही. आणि जिना चढले की मागून वर चढते. वर्गात सारखं सावरता येतं का?"

मी मोठी दिली नाही. टेप घेऊन त्यांना आत नेलं.

कमर 84 सेंटिमीटर भरली. सीट मोजताना पाय जुळवायला सांगितले आणि मागचा भाग जिथे सगळ्यात भरदार असतो तिथून टेप आडवी, सरळ फिरवली. 108. इतका फरक असला की कमरेवरून घेतलेली पँटी बसतच नाही. सीटला कापड अपुरं पडतं, ताणलं जातं आणि मधल्या फटीकडे सरकतं. एक्सएल त्यांना कमरेत सैल होती, म्हणजे तिथेही आधार नव्हता. कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पाकिटावरच्या तक्त्यात मी सीटचा रकाना आधी बघते.

पण काचण्याचं कारण वेगळं होतं. पायाची पट्टी जिथे बसते, त्या रेषेवरून, म्हणजे जांघेतून वर खुब्याकडे आणि मागून सीटच्या खालून परत, टेप फिरवली. 66. त्यांनी धुतलेली जुनी एक्सएल पिशवीत आणली होती, हे फार बरं झालं, कारण आमच्याकडे ट्रायल देता येत नाही. ती काउंटरवर सपाट पसरली. पायाच्या घेराची एक बाजू 22, म्हणजे पूर्ण घेर 44. हाताने जितकी ताणेल तितकी ताणली, तर 60. अंगावर 66 लागतात! इलास्टिक दिवसभर शेवटच्या टोकाला ताणलेलंच राहायचं, मग वळ उठणारच. साइझ वाढवली तरी त्या मालात पायाचा घेर जेमतेम वाढतो.

मग मागून पूर्ण झाकणारी, रुंद मऊ पट्टीची, कॉटनमध्ये थोडं लायक्रा असलेली काढली. पायाचा घेर न ताणता 56, ताणून 74. कमरेला बसती. फार सैलही नको, नाहीतर जादा कापडाची चुणी पडते आणि तीच वर सरकते.

"एकच न्या," मी म्हटलं. "धुवा, दिवसभर घाला, मांडी घालून बसून बघा."

आठवड्याने त्या आल्या. मागून चढणं थांबलं होतं. डाव्या जांघेत मात्र फिकट रेघ उठत होती, शिवणीच्या जोडाजवळ. मग तशीच, पण पायाला शिवण नसलेली दिली. पुढच्या खेपेला त्यांनी तिचे चार नग नेले. वहीत मी त्यांच्या नावापुढे 108 आणि 66 लिहून ठेवलंय.