मुलाला काही विचारायचं आहे

"नमस्कार सर. माझ्या मुलाला काही विचारायचं आहे."

एवढंच. पुढे काही नाही. रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी आलेला निरोप. महिन्यातून एकदा मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावतो. त्या सूचनेत माझा नंबर असतो, त्यामुळे असे निरोप मला सवयीचे आहेत. कडी वाजवून दाराबाहेर चपला न काढता उभं राहावं, तसा हा निरोप असतो. आत या म्हटल्याशिवाय माणूस आत येत नाही आणि बाहेरून कामही सांगत नाही.

मी लिहिलं, "विचारू दे ना." मग दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी प्रश्न आला: "चंद्राच्या परिभ्रमणाविषयी माहिती मिळू शकेल का? इयत्ता तिसरी."

तिसरीतलं पोर 'परिभ्रमण' म्हणत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मीही मुकाट्याने मास्तर झालो. चंद्र पृथ्वीभोवती साधारण 27.3 दिवसांत एक फेरी मारतो, पण तेवढ्या काळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते, म्हणून पौर्णिमा ते पौर्णिमा मात्र 29.5 दिवस लागतात, असं सगळं व्यवस्थित टंकून पाठवलं. उत्तर आलं, "धन्यवाद सर, समजलं." कोणाला समजलं कोण जाणे.

थोड्या वेळाने त्याच नंबरावरून आवाजी निरोप आला. आधी खरखर, मग "आई, हे नाही विचारलं मी!" आणि मग फोन हिसकावल्यासारखा एक बारीक पण ठाम आवाज: "काका, पौर्णिमेला चंद्र लवकर येतो. मग आजीचा उपास असतो त्याच दिवशी उशीर का करतो? तो आल्याशिवाय मोदक मिळत नाहीत."

हा प्रश्न मी तीनदा ऐकला. आईने प्रश्नाला अंघोळ घालून, भांग पाडून, इस्त्रीचे कपडे चढवून माझ्याकडे पाठवलं होतं, आणि त्या धुण्यात आजी, उपास आणि मोदक वाहून गेले होते. आईला दोष देत नाही. माझ्या मुलीच्या शाळेत मीही हेच केलेलं आहे. परक्या माणसापुढे आपलं पोर बावळट दिसू नये, एवढाच त्यात हेतू असतो.

पण मुद्दा सगळा त्या मोदकातच होता. पोराने एक खरं निरीक्षण केलं होतं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो, आणि नंतर रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा. भूक लागलेल्या माणसाला तीन दिवसांतला फरक बरोबर कळतो.

आता त्याला समजवायचं कसं? मी त्याला घड्याळ आणायला सांगितलं. घरात काट्यांचं घड्याळच नव्हतं! शेवटी आजीचं गजराचं घड्याळ निघालं. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक येतात. मिनिटकाटा म्हणजे तू, गरगर फिरणाऱ्या पृथ्वीवर बसलेला. तासकाटा म्हणजे चंद्र. मिनिटकाटा पूर्ण गोल फिरून पुन्हा बारावर आला, पण तासकाटा तिथे आहे का? नाही, तो एकवर गेला. मग त्याला गाठायला आणखी पाचेक मिनिटं पळावं लागतं. पृथ्वीचंही तसंच. काल चंद्र उगवला त्या वेळी ती आज पुन्हा तिथवर फिरून येते, पण दिवसभरात चंद्र सूर्याच्या हिशेबाने सुमारे बारा अंश पुढे, पूर्वेकडे सरकलेला असतो. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. बारा चोक अठ्ठेचाळीस.

हे बारा अंश योगायोगाने आलेले नाहीत. आपली तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून बारा अंशांनी वाढवलेलं अंतर. आणि संकष्टी कोणत्या दिवशी, तर ज्या दिवशी चंद्रोदयाच्या वेळी कृष्ण चतुर्थी चालू असेल त्या दिवशी. म्हणजे पौर्णिमा संपून तीन तिथी उलटलेल्या असतात, आणि चंद्र तेवढा पूर्वेकडे सरकलेला असतो. उपास आहे म्हणून तो उशीर करत नाही. तो उशिरा येतो तो दिवस धरूनच उपास ठेवलेला आहे. हे ऐकून पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग "म्हणजे आजीनेच ठरवलं?" असं आलं. मी म्हटलं, आजीच्याही आजीने.

हे पन्नास मिनिटांचं गणित मात्र सरासरीचं. कोजागिरीच्या सुमारास पौर्णिमेनंतर रोजचा उशीर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर येतो, कारण तेव्हा संध्याकाळी चंद्राचा मार्ग पूर्वेच्या क्षितिजाला जास्त तिरका असतो आणि बारा अंश सरकूनही तो फारसा खाली जात नाही. चैत्राच्या आसपास उलटं होतं, उशीर पन्नाशी ओलांडतो. म्हणून आश्विनातली संकष्टी पोटाला जरा बरी, आणि चैत्रातली रात्री दहाच्या घरात नेऊन ठेवते.

पुढच्या संकष्टीला पुन्हा निरोप. "सर, मुलाला काही विचारायचं आहे." या वेळी मी थेट लिहिलं, त्याच्याकडेच फोन द्या. तक्रार अशी होती की कॅलेंडरात 9:05 छापलंय, पण चंद्र दिसला 9:47 ला. कॅलेंडर खोटं आहे का?

आधी मी विचारलं, कोणत्या गावची वेळ पाहिलीस? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे नागपूरकरांना चंद्र मुंबईकरांच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं दिसतो. नागपूरची आत्या जेवून हात धुते तेव्हा मुंबईची वहिनी अजून खिडकीत असते. पण त्याने आपल्याच गावची ओळ पाहिली होती. मग विचारलं, समोर काय आहे? समोर इमारत होती, आणि इमारतीवर पाण्याची टाकी.

कॅलेंडरातली वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजाची असते. मी त्याला हात सरळ पुढे करून मूठ आडवी धरायला सांगितली. लांब धरलेली मूठ साधारण दहा अंश. पृथ्वी तासाला पंधरा अंश वळते, म्हणजे एक मूठ झाली चाळीस मिनिटं, आणि चंद्र जरा तिरका चढतो म्हणून दोन-तीन मिनिटं वर. डोळ्यांच्या रेषेपासून टाकीच्या माथ्यापर्यंत किती मुठी होतात ते मोज म्हटलं. तो गेला, आला. "एक."

मग त्याने स्वतःच वजाबाकी केली. नऊ सत्तेचाळीसमधून नऊ पाच. कॅलेंडर सुटलं, टाकी सापडली.

काल पुन्हा निरोप आला. आईचाच, पण सवयीच्या नमस्कारानंतर एक ओळ जास्त होती. "सर, मुलाला विचारायचं आहे. त्याचे शब्द तसेच लिहितेय: ती टाकी गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायला कोणाची परवानगी लागते?"