फुकट उत्तरं आणि फी

“सर, अख्खं उत्तर फुकटात लिहून टाकता, मग फी देऊन तुमच्याकडे येणार कोण?”

मी करसल्लागार. लोकांच्या कराच्या प्रश्नांना नेटवर जाहीर उत्तरं लिहितो, म्हणून हा प्रश्न. पूर्वी मीही हेच म्हणायचो. अर्धं उत्तर लिहायचं आणि खाली ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’. फोन यायचा नाही. याला पुढचं येत नसावं, असंच लोकांना वाटत असणार.

मग एकच विषय धरला: अनिवासी भारतीयांनी इथलं घर विकणं. २०२४च्या दिवाळीनंतर दुबईतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “पुण्यातला फ्लॅट ८० लाखांना विकतोय. २०१५मध्ये ५० लाखांना घेतला होता. घेणारा १ टक्का टीडीएस कापतो म्हणतोय, चालेल ना?”

मी तेव्हाच्या नियमांनी हिशेबच मांडला. १ टक्का निवासी विक्रेत्यासाठी. विक्रेता अनिवासी असला की आयकर कायद्याचं कलम १९५. आयकर खात्याचा कमी कपातीचा दाखला नसेल तर घेणारा सहसा पूर्ण किमतीवर कापतो: साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर, म्हणजे १४.३ टक्के, ११ लाख ४४ हजार. प्रत्यक्षात नफा ३० लाख. इथे दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावरचा कर उपकरासकट ३ लाख ९० हजार. वरचे साडेसात लाख परतावा मिळेपर्यंत अडकून पडणार. ते नको असेल तर फॉर्म १३ भरून कमी कपातीचा दाखला काढायचा, आणि तो पैसे देण्याआधी हातात हवा. नंतर आणलेला कामाचा नाही.

गृहस्थांनी आभार मानले आणि काम दुसऱ्याला दिलं. माझंच उत्तर त्याच्यापुढे ठेवून! संताप झाला, खोटं कशाला बोलू? तेव्हा तुम्ही हा प्रश्न विचारला असतात, तर मी निमूट मान डोलावली असती.

पण पुढे फोन आला तो फ्लॅट घेणाऱ्याचा. उत्तर त्यानेही वाचलं होतं. टीडीएस कमी कापला तर कर आणि व्याज खरेदीदाराच्या गळ्यात पडतं, या ओळीने त्याची झोप उडाली होती. टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर काढणं, दाखल्यातल्या दराने कपात, कपातीचं विवरणपत्र फॉर्म २७क्यू, विक्रेत्याला कपातीचं प्रमाणपत्र १६ए देणं, सगळं त्याने माझ्याकडून करून घेतलं. फी न घासता. पुढे त्याच्याच ओळखीतून दोन कामं आली. प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक होतोच असं नाही. गप्प राहून वाचणारा होतो.

आता साताऱ्याचे एक सीए अशी कामं माझ्याकडे धाडतात. (जाहिरात करून अशील गोळा करण्यावर सीएंना त्यांच्या संस्थेची बंधनं आहेत. मी सीए नाही, तरी उत्तराखाली नंबर टाकत नाही. ज्याला गरज आहे तो नाव शोधतो.)

ही समाजसेवा आहे असं मी म्हणत नाही. “सर, एक छोटासा डाऊट” म्हणत रात्री अकराला सातबारा पाठवणारेही याच वाटेने येतात. शिवाय २३ जुलै २०२४ला या नफ्यावरच्या कराचा दर २० टक्क्यांवरून साडेबारावर आला, तरी लोकांना आधी सापडतात ती माझी जुनी उत्तरं. त्यांच्यावर तारीख टाकली आहे. काढून टाकावीत, तर निम्मी माणसं तीच वाचून येतात.