गाठ, गाठी आणि सूज

"डॉक्टरबाई, माझ्या जावेला गाठ निघाली आणि मला म्हणे पिशवीला सूज. रक्त तर दोघींचंही जातंय की. मग फरक तो कसला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा. आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात पाळीत रक्ताच्या गुठळ्या पडल्या की बायका म्हणतात, "गाठी पडतात". त्याच बाईच्या सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला की आम्ही डॉक्टर म्हणतो, "गाठ आहे". मग ती घरी जाऊन सांगते की गाठ तुकड्या-तुकड्यांनी पडून चालली आहे, थोड्या दिवसांत संपेल. तसं होत नाही. पडते ती गुठळी, म्हणजे साकळलेलं रक्त. फायब्रॉइड ही पिशवीच्या स्नायूचीच वाढलेली घट्ट गाठ असते आणि ती जागेवरच राहते.

'सूज' हा शब्द तर आणखी फसवा. रिपोर्टात इंग्रजीत पिशवी 'बल्की' म्हणजे मोठी झाल्याचं लिहिलेलं असतं, कोणीतरी त्याचं 'सूज' करून सांगतं, आणि बाई अँटिबायोटिकच्या गोळ्या मागायला येते. तुमच्या रिपोर्टात ज्याला सूज म्हटलंय ते बहुतेक अ‍ॅडिनोमायोसिस आहे. पिशवीच्या आतलं अस्तर, जे दर महिन्याला पाळीत गळून जातं, तेच तिच्या स्नायूंच्या भिंतीत शिरलेलं असतं. जंतुसंसर्गाचा इथे संबंध नाही.

आता रक्ताकडे येऊ. लुगडं पिळताना घडीत दगड राहिला तर कितीही पीळ द्या, पाणी ठिबकतच राहतं. फायब्रॉइडचं थोडंफार तसंच आहे. पाळीत पिशवी आवळली जाते आणि रक्तवाहिन्यांची तोंडं दाबली जायला मदत होते. आत घट्ट गाठ असली की आवळणं नीट होत नाही. शिवाय गाठ आतल्या पोकळीत डोकावत असेल तर अस्तराचा पसारा वाढतो आणि आजूबाजूच्या शिरा फुगतात. म्हणून चार दिवसांची पाळी आठ-नऊ दिवस चालते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धो धो जातं, रात्री उठून कपडा बदलावा लागतो. पण पाळीची तारीख सहसा चुकत नाही. अठ्ठावीस दिवसांनी यायची ती अठ्ठावीस दिवसांनीच येते, फक्त येते ती पुरासारखी. तारखेचीच लय सुटली, मधेच डाग पडू लागले, संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा दिसलं, तर मी गाठीवर खापर फोडून मोकळी होत नाही. आधी गर्भाशयाचं तोंड बघते, गरज असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवते.

गाठ केवढी आहे यापेक्षा कुठे आहे हे महत्त्वाचं, हे मात्र कुणाला पटत नाही. बाहेरच्या अंगाला वाढलेली नारळाएवढी गाठ वारंवार लघवीला पळवते, पोट जड करते, पण तिच्यामुळे पाळी एक थेंबही वाढलेली नसेल असं होऊ शकतं. उलट खानापूर तालुक्यातली एक बाई मला आठवते. वय 39, हिमोग्लोबिन 6.2, ओठ पांढरे फटक, जिना चढून येईपर्यंत धाप. हाताने तपासलं तर पिशवी अगदी नेहमीच्या आकाराची. माझ्या बोटांना काहीच लागलं नाही. सोनोग्राफीत पोकळीच्या आत लोंबणारी 18 मिलिमीटरची गाठ दिसली, म्हणजे फार तर एक टपोरं जांभूळ. आधी रक्त भरलं, मग योनिमार्गातून दुर्बीण घालून ती गाठ काढली. पोटावर टाका नाही. तिची सासू विचारत होती, "एवढीशीनं एवढं रक्त घालवलं होय?" घालवलं.

अ‍ॅडिनोमायोसिसमध्येही रक्त जास्त जातं, त्यामुळे नुसते कपडे मोजून दोघींतला फरक कळणार नाही. तो कळतो दुखण्यावरून. भिंतीत अडकलेलं अस्तरही पाळीच्या हार्मोनला साद देतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून पाळी यायच्या दोन-चार दिवस आधीच ओटीपोट भरून येतं, कंबर धरते, कळ मांड्यांत उतरते, आणि हे वर्षागणिक वाढत जातं. दोन बाळंतपणं होऊन पाळीचं दुखणं विसरलेली बाई चाळिशीच्या आसपास म्हणते, "आता पुन्हा दुखायला लागलंय, आणि हे दुखणं वेगळंच आहे." काहींना संबंधाच्या वेळी खोल आत दुखतं, पण ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. फायब्रॉइडवाली बहुधा म्हणते, "दुखत काही नाही, जातं फार." मोठी गुठळी बाहेर पडताना तिलाही कळ येते, पण ती गुठळीसोबत येते आणि गुठळीसोबतच जाते.

हे सगळं मला एका चुकीने शिकवलं. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. निपाणीजवळची, विड्या वळणारी, 36 वर्षांची बाई. एक मुलगी होती, अजून एक मूल हवं होतं. रिपोर्टावर लिहिलेलं होतं की मागच्या भिंतीत पाच सेंटिमीटरचा फायब्रॉइड आहे. ती मला म्हणाली होती, "बाई, चार दिस आधीपास्नंच कंबर धरतीया, सुपासमोर बसवत न्हाई." मी ऐकलं, पण कागदावर लिहिलं नाही, कारण विड्या वळणाऱ्या बाईची कंबर दुखायचीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तपासणी केली पाळीच्या दहाव्या दिवशी. पिशवी दहा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी, गोल, गुळगुळीत, दाबून दुखलं नाही. मागच्या भिंतीत एकच गाठ असली तर पिशवी अशीही लागू शकते, म्हणून रिपोर्टवर विश्वास ठेवला आणि फक्त गाठ काढायचं ऑपरेशन ठरवलं.

फायब्रॉइडभोवती एक पातळ आवरण असतं. चीर नेमकी पडली की त्या आवरणातून गाठ बोटाने सुटी होते, फणसाच्या गऱ्यातून आठळी निसटावी तशी. कापलेली गाठ पांढरी, दोऱ्याच्या गुंडीसारखी वळ्यावळ्यांची, टणक. इथे मी चीर दिली आणि बोट फिरवायला जागाच सापडेना. आवरण नाही, कड नाही. भिंत जाड, आणि तिच्यात रक्ताचे काळपट ठिपके. गाठ कुठे संपते आणि चांगला स्नायू कुठे सुरू होतो हेच कळत नव्हतं. आणखी कापत राहिले असते तर तिला मूल व्हायची जी काही आशा होती तीच कापली गेली असती. छोटा तुकडा तपासणीला काढला, थर लावून शिवलं आणि थांबले. रिपोर्ट आला, अ‍ॅडिनोमायोसिस. तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगावं लागलं की जे काढायला पोट उघडलं ते काढता येण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून मी तपासणी अशी करते. लघवी करून यायला सांगते, कारण भरलेली लघवीची पिशवीसुद्धा हाताला गाठीसारखी लागते. दोन बोटं आत, दुसरा हात ओटीपोटावर, आणि मधे पिशवी. फायब्रॉइडची पिशवी उंचसखल लागते, कच्च्या पेरूसारखी टणक. गाठ दाबली तरी बाई कळवळत नाही, आणि वाढून ती बेंबीपर्यंतही गेलेली असू शकते. अ‍ॅडिनोमायोसिसची पिशवी सगळीकडून सारखी फुगलेली, चेंडूसारखी गोल, जरा मऊ, सैल कणकेसारखी, आणि दाबली की दुखते. ती सहसा बारा आठवड्यांच्या गरोदरपणापेक्षा मोठी होत नाही. हे दुखणं पाळीच्या आदल्या दिवसांत ठळक असतं आणि पाळी संपली की ओसरतं. निपाणीच्या बाईला मी चुकीच्या दिवशी तपासलं होतं. आता शंका आली तर पाळी यायच्या दोन दिवस आधी पुन्हा बोलावते. त्याच पिशवीला हात लावला की बाई माझा हात धरते.

हाताला मर्यादा आहेत. पोट जाड असेल तर काही कळत नाही, आणि दोन्ही आजार एकाच पिशवीत नांदत असतात असंही अनेकदा दिसतं. म्हणून सोनोग्राफी लागतेच, तीही शक्यतो योनिमार्गातून केलेली. पण रिपोर्ट वाचताना मी आकड्याआधी कड शोधते. 'कड स्पष्ट' लिहिलं असेल आणि रक्तप्रवाह गाठीच्या भोवतीने दिसत असेल तर फायब्रॉइड. कड अस्पष्ट, एक भिंत दुसरीपेक्षा जाड, भिंतीत बारीक पाण्याचे फुगे, रक्तवाहिन्या त्या भागातून आरपार गेलेल्या, तर अ‍ॅडिनोमायोसिस. गाठ काढायचं ऑपरेशन ठरत असेल आणि बोटं व फिल्म एकमेकांशी जुळत नसतील, तर मी आता एमआरआय केल्याशिवाय चीर देत नाही.

म्हणून तुमच्यात आणि तुमच्या जावेत फरक आहे. जावेची गाठ, ती जिथे आहे त्यावर अवलंबून, पिशवी ठेवून काढता येईल. तुमचं तसं सुटं काढता येणं अवघड. पण हार्मोनची तांबी तुम्हाला चालण्यासारखी असेल, तर रक्त आणि दुखणं दोन्हींवर ती चांगली चालते. पहिले काही महिने डाग पडत राहतात, तेवढं सोसावं लागतं. जावेची गाठ पोकळीतच असली तर तीच तांबी कधी कधी आपोआप बाहेर पडते. निपाणीच्या त्या बाईने पुढे दुसऱ्या मुलाचा विचार सोडला, तेव्हा तिला हीच तांबी बसवली. सूप आता सोडत नाही म्हणते.

तोवर दोघींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने खुणा करा. रक्त गेलेल्या दिवशी फुली, दुखलेल्या दिवशी गोल. जावेचं कॅलेंडर बहुतेक नुसत्या फुल्यांचं येईल. तुमच्यावर फुल्यांच्या आधीच गोल सुरू झालेले दिसले तर माझं निम्मं काम झालं. फक्त दुधाचे खाडे त्याच कॅलेंडरवर मांडू नका. मागे एकीच्या मालकांनी तिचे गोल खाडे समजून गवळ्याचे सहा दिवसांचे पैसे कापले होते, आणि गवळी भांडायला थेट दवाखान्यात आला होता.