पायाचं वर्ष कोणतं, गुरुजी?

२०२५ च्या दिवाळीत सोन्याचा भाव लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जगभर पाच टक्क्यांहून जास्त कोसळला, आणि भाऊबीज उलटताच यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत सोनेतारणाची रांग लागली. सोयाबीन पावसानं नेलेलं, कापूस अजून घरात पूर्ण आलेला नाही, हरभऱ्याची पेरणी तोंडावर. अशा रांगेत एक निवृत्त गुरुजी होते. पाटल्या, गोफ, एकदाणी असं सगळं त्यांनी टेबलावर मांडलं.

"साहेब, याच्यावर जेवढं बसते तेवढं द्या. मले अजून सोनं घ्यायचं हाये."

सोनं घ्यायला बँक कर्ज देत नाही, रिझर्व्ह बँकेची तशी मनाई आहे, हे मी सांगितलं. गुरुजी हटले नाहीत. त्यांनी घडी घातलेला कागद काढला. अमेरिकेत १९८० च्या जानेवारीत सोनं औंसाला ८५० डॉलर होतं. तेव्हा तिथला एम-२, म्हणजे लोकांजवळची रोकड आणि बँकांतल्या ठेवी मिळून, सुमारे दीड लाख कोटी डॉलर होता. आज तो २२ लाख कोटींच्या पुढे, म्हणजे जवळपास पंधरा पट. मग सोनंही पंधरा पट, १२ हजार डॉलरांच्या वर पाहिजे. आहे फक्त ४,१०० ला. "सांगा आता, महाग कसं?"

गणितात चूक नव्हती. मी त्याच कागदाच्या मागे तीच रीत दुसऱ्या वर्षापासून मांडली. २००१ मध्ये सोनं २६० डॉलरांच्या आसपास, एम-२ पाच लाख कोटींच्या थोडा वर. तिथून पैसा सव्वाचार-साडेचार पट झाला, म्हणजे सोन्याचा 'योग्य' भाव जेमतेम साडेअकराशे. २०११ च्या सप्टेंबरातल्या शिखरापासून धरलं तर सुमारे ४,४००. एकच मापदंड, तीन उत्तरं: सोनं फार स्वस्त, फार महाग, बरोबर. १९८० चा जानेवारी हा तेजीचा कळस होता. त्याला पाया धरणं म्हणजे तापलेल्या माणसाचं तापमान नेहमीचं समजणं. त्यानंतर वीस वर्षांत पैसा तिपटीहून जास्त वाढला आणि सोनं दोन तृतीयांशानं उतरलं.

"अन् आपल्या रुपयात?" गुरुजींनी चश्मा पुसला. हा प्रश्न मला आवडला, कारण आपण सोनं रुपयात घेतो, त्यात डॉलरचा दर आणि आयात शुल्कही येतं. आपल्याकडे त्यासाठी एम-३ पाहायचा, तोही रोकड आणि ठेवी मिळूनच. मार्च २००१ मध्ये तो १३ लाख कोटी रुपये होता, २०२५ च्या दिवाळीत सुमारे २८५ लाख कोटी. साधारण २२ पट. २००१ मध्ये तोळा ४,४०० च्या आसपास, म्हणून २०२५ चा हिशेब ९५ हजारांच्या जवळ येतो. मार्च २०११ पासून काढला तरी ९० हजारांच्या थोडा वर. बाहेर त्या दिवशी भाव सव्वा लाख होता. दोन निरनिराळे पाये जवळजवळ एकच सांगतात, तेव्हा भाव ताणलेला होता असं मी म्हणेन.

१९८१ पासून काढलं तर मात्र सात लाखांच्या वर जातं! ते मी सोडून देतो. तेव्हा देशाचा एम-३ जीडीपीच्या ४० टक्क्यांच्याही आत होता, आज ८० टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातली बरीच वाढ म्हणजे बँका खेड्यापाड्यात पोचल्या, ठेवी आणि कर्जं वाढली, ही आहे. त्या वाढीमागे सोन्यानं धावायचं काही कारण नाही.

ताण आहे म्हणजे भाव उद्याच पडेल, असंही नाही. २०२२-२३ मध्ये अमेरिकेचा एम-२ चक्क घटला, तरी सोनं चढलं. मध्यवर्ती बँका वर्षाला हजार टनांवर खरेदी करत होत्या. हे पैसा आणि सोन्याच्या या गुणोत्तरात कुठंच दिसत नाही.

गुरुजींसाठी माझ्याकडे याहून साधा हिशेब होता. आपला एम-३ वर्षाला साधारण नऊ-दहा टक्क्यांनी वाढतो. सोनं त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाललं, तरी तेवढंच वाढेल, आणि तारणाचं व्याजही तेवढंच. वर तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ. आणि सव्वा लाखाचा भाव पंच्याण्णव हजारांवर आला, तर किमतीच्या ७५ टक्के कर्ज घेतलेल्याचं कर्ज व्याजासकट तारणाएवढं होतं. मग बँकेची नोटीस, नाहीतर लिलाव.

"मंग विकून टाकू काय सगळं?"

"ते या कागदावरून नाही सांगता येत, गुरुजी."

त्यांनी बराच वेळ आकडे पाहिले. मग गोफ आणि एकदाणी रुमालात बांधली आणि पाटल्या आमच्या सोनाराकडे सरकवल्या. हरभऱ्याचं बियाणं, खत आणि मजुरी एवढ्यापुरतं कर्ज झालं. सातबारा त्यांच्या पिशवीत होताच.