इमाम रुकूत असताना जमातीत सामील होताना

«मी पोहोचलो तेव्हा इमाम रुकूत होते. घाईघाईने सामील झालो. माझी नमाज झाली का?»

पहिली ‘अल्लाहु अकबर’ कुठे म्हटलीत, यावर ते ठरतं. हनफी मसलकाप्रमाणे सांगते. तकबीरे-तहरीमा उभं राहूनच पूर्ण व्हायला हवी. धावत येऊन वाकता वाकता ती म्हटली आणि ‘अकबर’ संपेपर्यंत हात गुडघ्यांना टेकण्याइतके खाली गेले, तर नमाज सुरूच झाली नाही. पुढचे सगळे सजदे नीट केले तरी ती पुन्हा पढावी लागते. म्हणून सरळ उभं राहून एक तकबीर म्हणा, मग दुसरी म्हणत रुकूत जा. वेळ अगदीच कमी असेल तर दुसरी सोडा, पहिली मात्र उभ्यानेच.

तुम्ही रुकूत पोहोचलात आणि इमाम अजून रुकूतच आहेत, असा एक क्षण मिळाला तरी रकात मिळाली. तुम्ही वाकेपर्यंत ते उठले असतील, तर ती रकात गेली. तरीही त्यांच्याबरोबर सजद्यात जायचंच, फक्त ती रकात मोजायची नाही. इथेच बहुतेकांची चूक होते: रकात मिळाली असं समजून ते इमामाबरोबर सलाम फेरतात आणि नमाज एका रकातीने अपुरी राहते. लगेच आठवलं, बोलणं झालं नसेल आणि किबल्यापासून छाती वळली नसेल, तर उठून ती रकात पुरी करा आणि शेवटी सजदा-ए-सहव करा.

मगरिबचं उदाहरण घ्या. तुम्हाला फक्त तिसरी रकात मिळाली. इमामाने दोन्ही बाजूंना सलाम फेरल्यावर उठा. फातिहा आणि सूरह पढून एक रकात करा आणि बसून अत्तहियात म्हणा. मग पुन्हा उठून फातिहा आणि सूरह पढा, आणि शेवटच्या बैठकीनंतर सलाम फेरा. म्हणजे इमामाबरोबरची धरून तीन बैठका होतात.

या उरलेल्या रकाती पढताना मागून कुणी येऊन तुमच्यामागे उभं राहिलं, तर हनफींच्या मते त्याची नमाज होत नाही, कारण उशिरा आलेला मसबूक इमाम होऊ शकत नाही. शाफईंकडे हे चालतं. पुरुषांच्या जमातीचा इमाम बालिग, शुद्धीत असलेला, वजू टिकवू शकणारा आणि किमान नमाजेपुरतं कुराण बरोबर पढणारा पुरुष हवा. असे अनेक असतील तर आधी नमाजेचे मसले अधिक जाणणारा, मग चांगली किरात करणारा. वय त्यानंतर येतं.

इमामाच्या आधी रुकू करून, ते रुकूत जाण्यापूर्वीच उठलात, तर तो रुकू मोजला जात नाही. त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्यानंतर तो पुन्हा करा. तो न करताच सलाम फेरला, तर नमाज झाली नाही.