क्रिएटिनिन १.२

मेच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय. माझा दवाखाना सोलापुरात पूर्व भागात आहे, पेशंट बहुतेक यंत्रमागावरचे नाहीतर विडी वळणाऱ्या बायका. त्या दिवशी दुपारी एक पोरगा आईला घेऊन आला, दोघांनी ऑफरमधलं फुल बॉडी चेकअप केलेलं. पोरगा तिशीचा, घाबरलेला, कारण त्याचं बिलिरुबिन १.६ आलेलं आणि लॅबने ते ठळक अक्षरात छापून पुढे बाण मारलेला. रात्रभर मोबाईलवर वाचत बसलेला, लिव्हर गेलं म्हणून.

त्याचं काम दहा मिनिटांत झालं. बाकी लिव्हरचे सगळे आकडे नॉर्मल, हिमोग्लोबिन चांगलं, वाढलेलं बिलिरुबिन सगळं इनडायरेक्ट, म्हणजे लिव्हरने अजून हाताळायचं राहिलेलं, आणि पठ्ठ्या आदल्या रात्री न जेवता सकाळी उशिरा रक्त द्यायला गेलेला. काही लोकांचं लिव्हर जन्मापासूनच बिलिरुबिन जरा सावकाश काढतं, उपास पडला की आकडा चढतो, त्याला गिल्बर्ट म्हणतात आणि त्याला औषध लागत नाही. तसंही रिपोर्टवरची रेंज बनवतात तीच मुळी शंभर निरोगी लोकांतले मधले पंचाण्णव धरून, म्हणजे पाच निरोगी माणसं प्रत्येक टेस्टमध्ये बाहेर पडणारच, आणि एका पॅकेजात साठ-सत्तर टेस्ट घातल्या तर एखादा बाण कुणाला चुकतोय? हे पॅकेज विकणारे सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो, कारण ती भीती नंतर माझ्या टेबलावर येते.

मग तो उठता उठता म्हणाला, "आईचंपण बघून घ्या की डॉक्टर, तिचं काय नाही, एकच जरा वाढलंय." क्रिएटिनिन १.२, बायकांची रेंज ०.६ ते १.१. वय ५८. बाहेर वीसेक पेशंट बसलेले, त्रेचाळीस डिग्री ऊन, आणि मी बोलूनपण गेलो, "काय नाही मावशी, पाणी जास्त प्या." कागद परत देत होतो.

थांबलो ते त्यांचा हात बघून. कागद घ्यायला पुढे केलेला हात, तंबाखूने काळी पडलेली बोटं, आणि मनगट इतकं बारीक की बांगडी कोपरापर्यंत सरकलेली. वजन केलं, ४१ किलो. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज निघणारा कचरा आहे, किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. ज्याच्या अंगावर मांस जास्त त्याच्यात तो जास्त तयार होतो, म्हणून तालमीतल्या पोराचं १.२ आलं तर मी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण ४१ किलोच्या बाईत कचरा तयारच थोडा होतो, तरीपण रक्तात १.२ साठलाय म्हणजे बाहेर जात नाहीये. वय आणि बाई की पुरुष हे धरून किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज काढायचं सूत्र असतं, त्याला ईजीएफआर म्हणतात. त्यांचा आला ५२. त्यांच्या पोराचं क्रिएटिनिन १.२ असतं तर तो ऐंशीच्या वर आला असता. शिवाय सूत्र वजन विचारत नाही, त्यामुळे एवढ्या बारीक माणसात खरा आकडा ५२ पेक्षापण कमी असू शकतो.

तरी एका आकड्यावरून काही ठरत नाही. आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी क्रिएटिनिन थोडं वाढतं. म्हणून विचारलं, जुना रिपोर्ट आहे का? आपल्याकडच्या बायका सगळे कागद एका कॅरीबॅगमध्ये ठेवतात, ही सवय मला फार आवडते, आणि त्यातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनवेळचा दोन वर्षांपूर्वीचा घडी पडलेला कागद निघाला. क्रिएटिनिन ०.७. त्याचा ईजीएफआर शंभरच्या आसपास येतो. एकाच माणसात हा आकडा दिवसागणिक थोडा हलतो, पण वीस टक्क्यांच्या वर हलला तर आम्ही खरा बदल धरतो, आणि हा सत्तर टक्के वाढलेला. रेंजच्या फक्त ०.१ बाहेर, पण स्वतःच्या आकड्यापासून ०.५ लांब. दोन वर्षांत गाळणी निम्म्यावर आली आणि लॅबच्या कागदावर एक छोटा बाण.

मग विचारलं, दुखण्याची गोळी घेता का? "कंबर लई दुखायलीय हो, दिवसभर बसून हजार विड्या वळायच्या म्हणजे." कमरेच्या पिशवीतून स्ट्रिपचा तुकडा काढला, मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेला, नाव अर्धं, त्यात 'फेनॅक' एवढं वाचता येत होतं. रोज दोन, आठ महिने. पाणीपण कमी, कारण सारखं उठलं तर विड्यांचा आकडा भरत नाही आणि मजुरी हजारावर असते.

आणि आता जे लिहायला जड जातंय ते. बीपीची गोळी त्यांना मीच सुरू केलेली, सहा महिन्यांपूर्वी, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली. चांगली गोळी आहे, शेकडो लोकांना देतो. पण किडनीच्या गाळणीला रक्त आणणारी एक नळी असते आणि नेणारी एक, त्या दोन्हींमधल्या दाबावर गाळणं चालतं. दुखण्याची गोळी आणणारी नळी आवळते, टेल्मिसार्टन नेणारी सैल करतं, आणि लघवीच्या औषधाने मुळात रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. तिन्ही एकत्र आली, वर सोलापूरचा मे महिना, की गाळणीतला दाब कमी होतो. हे मला कॉलेजपासून पाठ आहे, पण दुखण्याची गोळी घेता का हे मी सहा महिन्यांपूर्वी विचारलं नव्हतं, आणि गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन बघायचं असतं तेपण राहून गेलं.

दुखण्याची गोळी बंद केली, बीपीची बदलून नुसती अॅम्लोडिपिन दिली, कमरेला साधं पॅरासिटामॉल आणि शेक. लघवीत प्रोटीन नव्हतं, सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांचा आकार नीट होता. हे बघायचं कारण, जुनी बिघडलेली किडनी बहुतेकदा आक्रसलेली दिसते, डायबेटीसवाल्यांची सोडली तर. पोटॅशियम ५.१, वरच्या काठावर. पोराला आता त्याच्या बिलिरुबिनचं काही पडलेलं नव्हतं, तो ती कापलेली स्ट्रिप हातात धरून बसलेला.

दोन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत तपासलं, मुद्दाम त्याच, कारण वेगवेगळ्या लॅबच्या मशीन आणि पद्धतीतपण थोडा फरक पडतो. ०.९ आलं. साध्या अक्षरात, बाण नाही. पोरगा दारातूनच खुश होऊन म्हणाला, "सगळं नॉर्मल आलं डॉक्टर."

०.९ चा ईजीएफआर ७४. शंभर नाही. राहिलेलं हळूहळू भरून येईल की तेवढं गेलंच, हे आज कुणी सांगू शकत नाही, किडनीच्या बाबतीत कायमचं म्हणायला तीन महिने थांबावं लागतं. मी त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर तिन्ही आकडे तारखेसकट मोठ्या अक्षरात लिहिले, ०.७, १.२, ०.९, आणि खाली लाल पेनने दुखण्याच्या गोळीचं नाव, की ही देऊ नये. मावशींनी विचारलं, "म्हणजे आता बरी ना मी?" मी म्हणालो, "सुधारलंय मावशी, ऑगस्टमध्ये परत रक्त तपासू." त्या बघत राहिल्या माझ्याकडे, मग म्हणाल्या कंबर मात्र तशीच दुखते.